हिंदीतून माहिती अधिकाराचा अर्ज: केंद्रीय कार्यालयाला लिहिताना मराठी माणूस कुठे अडकतो

तहसील किंवा महापालिकेत माहितीचे अर्ज टाकून हात बसलेली माणसेही भोपाळ-दिल्लीच्या कार्यालयाला हिंदीतून अर्ज लिहायला बसली की घोटाळा करतात. अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवलेला असतो. वर ‘जोडपत्र अ’ लिहिलेले असते. मधल्या मजकुरात निम्मी तक्रार आणि निम्मी विनवणी असते, आणि शेवटी ‘आपका विश्वासू’. यातल्या काही चुका नुसत्या वाचताना खटकतात, पण काहींमुळे अर्जच परत येतो. नेमक्या कुठल्या चुकीने अर्ज परत येतो हे बहुतेकांना ठाऊक नसते, म्हणून ते भाषेवर मेहनत घेतात आणि शुल्कात मार खातात.

सगळे एकाच उदाहरणावरून पाहू. समजा, वडील रेल्वेच्या भोपाळ विभागात होते, इटारसीहून निवृत्त झाले आणि घर भुसावळला केले. ते गेल्यावर आईला कुटुंब निवृत्तिवेतन सुरू करायचे आहे, पण पेन्शनच्या आदेशात, म्हणजे पीपीओत, आईच्या नावाचे स्पेलिंग वेगळे आहे आणि बँक अडून बसली आहे. दुरुस्तीचा अर्ज १० मार्च २०२५ ला भोपाळला दिला, पोच मिळाली, पुढे काही कळले नाही. आता त्या अर्जाचे काय झाले याची माहिती मागायची आहे.

## १. हिंदीची गरज आहे का, ते आधी ठरवा

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ६(१) प्रमाणे अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा जिथे अर्ज करतो त्या भागाच्या राजभाषेत देता येतो. म्हणजे केंद्राचे कार्यालय महाराष्ट्रात असेल, उदाहरणार्थ भुसावळचेच रेल्वे कार्यालय, तर मराठी अर्ज चालतो. तिथे ओढूनताणून हिंदी लिहायचे कारण नाही. कार्यालय भोपाळला असेल तर मराठी चालणार नाही. मग इंग्रजी किंवा हिंदी यांतले जे नीट लिहिता येते ते घ्या. निम्मी वाक्ये हिंदी आणि निम्मी इंग्रजी अशी खिचडी करू नका. पीपीओ, पेन्शन, फाइल असे रुळलेले शब्द तेवढे राहू द्यावेत.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. कार्यालय केंद्राचे की राज्याचे? रेल्वे, टपाल, भविष्य निर्वाह निधी, आयकर ही केंद्राची. मध्य प्रदेशातली तहसील किंवा उत्तर प्रदेशातला विद्युत विभाग राज्याचा. शुल्क किती, कसे भरायचे, अपिलाला पैसे लागतात का, हे सगळे त्यावर ठरते. या लेखातली शुल्काची माहिती केंद्राच्या कार्यालयांची आहे. राज्याच्या कार्यालयाला लिहीत असाल तर पत्राचा साचा हाच ठेवा, पण शुल्क त्या राज्याच्या नियमांतून बघून घ्या.

## २. अर्ज कुणाच्या नावाने, कुणाला

घरी लिहिणारा बहुधा मुलगा किंवा मुलगी असते आणि तेच आपली सही ठोकून मोकळे होतात. आपल्या उदाहरणात अर्ज आईच्या नावाने आणि आईच्या सहीने जायला हवा. फाइल तिच्या अर्जाची आहे. मुलाने मागितली तर ‘त्रयस्थाची वैयक्तिक माहिती’ म्हणून नाकारायला कार्यालयाला आयते कारण मिळते. लिहून मुलाने द्यावे, सही आईची घ्यावी.

पत्ता कुणाचा घालायचा? बँकेचा नाही, इटारसी स्टेशनाचा नाही, आणि थेट दिल्लीच्या रेल्वे बोर्डाचा तर मुळीच नाही. कागद ज्यांच्या ताब्यात आहेत त्यांचा. पीपीओ कुणी काढला हे त्याच कागदावर लिहिलेले असते आणि दुरुस्तीच्या अर्जाची पोच कुणी दिली हे पोचेवरच्या शिक्क्यात असते. दोन्ही जुळले की पत्ता नक्की झाला. आपल्या उदाहरणात ते ‘मंडल रेल प्रबंधक कार्यालय’, भोपाळ, आणि त्यातला कार्मिक विभाग.

अधिकाऱ्याचे व्यक्तिनाम लिहू नका. बदली झाली की पाकीट टेबलावर पडून राहते. पदनाम लिहा: केंद्रीय लोक सूचना अधिकारी. आपण ज्यांना ‘जन माहिती अधिकारी’ म्हणतो, ते हेच. उत्तर प्रदेशच्या राज्य कार्यालयांत ‘जन सूचना अधिकारी’ लिहितात, मध्य प्रदेशच्या राज्य कार्यालयांत ‘लोक सूचना अधिकारी’. ‘केंद्रीय’ हा शब्द फक्त केंद्राच्या कार्यालयांना लावायचा.

तपासून घ्या: पुढे जाण्याआधी टेबलावर चार गोष्टी हव्यात. पीपीओची प्रत, दुरुस्तीच्या अर्जाची प्रत, त्यावरची पोच किंवा आवक क्रमांक, आणि आईचा पिनकोडसह टपालाचा पत्ता. आवक क्रमांक नसेल तर स्पीड पोस्टच्या पावतीचा क्रमांक काढून ठेवा. या क्रमांकाशिवाय ‘आपला अर्ज आढळून आला नाही’ असे एका ओळीत उत्तर देता येते.

## ३. पत्राआधी प्रश्न लिहा

पुष्कळ जण ‘सेवा में’ पासून लिहायला लागतात आणि प्रश्नांपर्यंत पोचेपर्यंत दोन पाने भरतात. क्रम उलटा ठेवा. आधी कोऱ्या कागदावर, मराठीतच, काय हवे ते लिहून काढा.

इथे पहिला धोका असतो ‘का’ चा. ‘माझ्या अर्जावर अजून कार्यवाही का झाली नाही?’ हा प्रश्न मनात सगळ्यात आधी येतो आणि तोच सगळ्यात निरुपयोगी आहे. कार्यालयाकडे नोंदीच्या रूपात जे आहे तेच या कायद्याखाली मिळते. अधिकाऱ्याने बसून कारणे तयार करावीत, मत द्यावे किंवा सल्ला द्यावा असे बंधन त्याच्यावर नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये एका निकालात हे स्पष्ट केले आहे. तेव्हा ‘का’ चे रूपांतर कागदात करायचे. अर्ज अडला असेल तर अडल्याचे कारण फाइलच्या टिपणीत कुणीतरी लिहिलेले असणार. ती टिपणीच मागा.

दुसरा धोका मोघमपणाचा. ‘माझ्या पेन्शनबाबत संपूर्ण माहिती द्यावी’ यावर काहीही पाठवता येते, आणि बहुधा काही नकोच असलेले पाठवले जाते.

आपल्या उदाहरणात चार प्रश्न पुरतात. अर्ज मिळाल्यापासून आजवर त्यावर काय काय झाले, तारखेनुसार. त्या फाइलच्या टिपण्या आणि पत्रव्यवहाराच्या प्रमाणित प्रती. अर्ज सध्या कोणत्या अनुभागात, कोणत्या पदावरच्या माणसाकडे, कधीपासून आहे. आणि असा अर्ज किती दिवसांत निकाली काढायचा याचे परिपत्रक किंवा नियम असेल तर त्याची प्रत. खरे काम तिसरा प्रश्न करतो. ज्याच्या टेबलावर कागद पडला आहे त्याचे पदनाम आणि तारीख लेखी द्यायची म्हटली की कागद हलतो, असा बऱ्याच लोकांचा अनुभव आहे.

माहिती कशासाठी हवी हे लिहायची गरज नाही. कलम ६(२) प्रमाणे ते विचारताही येत नाही. आई आजारी आहे, घर कसे चालते, बँकेतला माणूस कसा बोलला, हे सगळे गाळा. राग असेल तर तक्रारीचा अर्ज वेगळा लिहा. माहितीच्या अर्जात मिसळलेली तक्रार ना तक्रार म्हणून नोंदली जाते, ना माहिती म्हणून.

लांबीचे म्हणाल तर महाराष्ट्राच्या नियमांत एक विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे. केंद्राच्या २०१२ च्या नियमांत ती साधारणपणे ५०० शब्दांची आहे, आणि केवळ शब्द जास्त झाले म्हणून अर्ज फेटाळता येत नाही. तरी एक पान पुरे.

## ४. शुल्क: इथेच अर्ज परत येतो

महाराष्ट्रातली सवय म्हणजे दहाचा कोर्ट फी स्टॅम्प. तो केंद्राच्या कार्यालयात चालत नाही. केंद्राच्या नियमांत शुल्क दहाच रुपये आहे, पण ते रोखीने, डिमांड ड्राफ्टने, बँकर्स चेकने, भारतीय पोस्टल ऑर्डरने किंवा जिथे सोय असेल तिथे ऑनलाइन भरायचे असते. टपालाने पाठवणाऱ्याला पोस्टल ऑर्डर सगळ्यात सोयीची. दहाची नोट पाकिटात घालून पाठवू नका.

पोस्टल ऑर्डर घेतल्यावर ‘लेखा अधिकारी’ या नावाने भरा, पुढे कार्यालयाचे नाव लिहा. नाव न भरता कोरी पाठवणे ही दुसरी नेहमीची चूक. मागे आईचे नाव आणि पत्ता लिहून ठेवा, म्हणजे अर्जापासून सुटली तरी ओळखता येते. तिचा क्रमांक अर्जात उतरवायचा आहे, आणि पाकीट बंद करण्याआधी तिचा फोटोही काढून ठेवा.

दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. त्याने दाखल्याची प्रत जोडून तसे अर्जात लिहायचे.

सावधान: अर्ज मागच्या तारखेचा आणि पोस्टल ऑर्डर पुढच्या तारखेची असे होऊ देऊ नका. आधी पोस्टल ऑर्डर घ्या, मग अर्जावर तारीख घाला.

## ५. अर्जाचा साचा

केंद्रासाठी सक्तीचा छापील नमुना नाही. ‘जोडपत्र अ’ महाराष्ट्राचे आहे, ते इथे विसरा. साधा पांढरा ए-४ कागद, डावीकडे समास, एका बाजूला मजकूर. आकडे मात्र 1, 2, 3 असे लिहा. केंद्राच्या हिंदी कामकाजात हेच आकडे वापरतात, आणि हाताने लिहिलेला मराठी ५ किंवा ८ तिकडे चुकीचा वाचला जाऊ शकतो. पोस्टल ऑर्डरच्या क्रमांकात ते महागात पडेल.

पूर्ण अर्ज असा दिसेल. कंसातले आपापले भरायचे.

सूचना का अधिकार अधिनियम, 2005 की धारा 6(1) के अंतर्गत आवेदन

सेवा में,
केंद्रीय लोक सूचना अधिकारी,
कार्मिक विभाग,
मंडल रेल प्रबंधक कार्यालय,
पश्चिम मध्य रेल, भोपाल (मध्य प्रदेश) – (पिन कोड)

विषय: पीपीओ में नाम सुधारने के मेरे दिनांक 10.03.2025 के आवेदन के संबंध में सूचना।

महोदय/महोदया,

मैं भारत की नागरिक हूँ। मेरे पति स्वर्गीय श्री (पूरा नाम) भोपाल मंडल से सेवानिवृत्त हुए थे। उनका पीपीओ क्रमांक (…) है। पीपीओ में मेरे नाम की वर्तनी सुधारने के लिए मैंने दिनांक 10.03.2025 को आपके कार्यालय में आवेदन दिया था, जिसका आवक क्रमांक (…) है। इस संबंध में मुझे निम्नलिखित सूचना चाहिए:

1. उक्त आवेदन पर प्राप्ति की तारीख से अब तक की गई कार्यवाही का दिनांकवार विवरण।

2. उक्त आवेदन से संबंधित फाइल के सभी टिप्पणी-पृष्ठों (नोटशीट) और पत्राचार की प्रमाणित प्रतियाँ।

3. आवेदन इस समय किस अनुभाग में, किस पदनाम के अधिकारी या कर्मचारी के पास और किस तारीख से लंबित है।

4. ऐसे आवेदनों के निपटारे के लिए समय-सीमा निर्धारित करने वाले परिपत्र या नियम की प्रति।

आवेदन शुल्क के रूप में 10 रुपये का भारतीय पोस्टल ऑर्डर, क्रमांक (…), दिनांक 16.06.2025, लेखा अधिकारी के नाम देय, संलग्न है। प्रतियों के लिए अतिरिक्त शुल्क देय हो तो उसकी गणना सहित मुझे सूचित करें, मैं वह जमा कर दूँगी।

यदि माँगी गई सूचना का कोई भाग किसी अन्य लोक प्राधिकरण से संबंधित हो, तो अधिनियम की धारा 6(3) के अनुसार वह भाग उन्हें अंतरित करके मुझे अवगत कराएँ। उत्तर में प्रथम अपीलीय प्राधिकारी का पदनाम और पता भी अंकित करें।

उपर्युक्त सूचना नीचे दिए गए पते पर डाक द्वारा भेजने की कृपा करें।

सधन्यवाद,

भवदीया,
(हस्ताक्षर)
(आवेदिका का पूरा नाम)
(पूरा पता, पिन कोड)
मोबाइल: (…)

स्थान: भुसावल
दिनांक: 16.06.2025

संलग्नक:
1. पोस्टल ऑर्डर (मूल)
2. दिनांक 10.03.2025 के आवेदन और पावती की छायाप्रति
3. पीपीओ की छायाप्रति

या साच्यात ‘विषय’ ची ओळ सगळ्यात दुर्लक्षित असते. ‘सूचना का अधिकार के बारे में’ असा विषय लिहिला तर टपाल वाटणाऱ्याला काही कळत नाही, कारण तिथे आलेले सगळेच अर्ज त्याबद्दलचे असतात. विषयात कामाचे नाव आणि आधीच्या अर्जाची तारीख हवी. आणि अर्ज माहिती अधिकाराखालचा आहे हे सगळ्यात वर, ठळक, एकट्या ओळीत. ती ओळ नसली तर अर्ज साध्या पत्रव्यवहारात जातो आणि तीस दिवसांची मुदत कुणी मोजत बसत नाही.

मोबाइल क्रमांक देणे कायद्याने सक्तीचे नाही, पण पानांच्या शुल्काचे पत्र गहाळ झाले तर फोनवर कळू शकते, म्हणून द्यावा असे माझे मत. आधारची प्रत मात्र उगाच जोडू नका.

## ६. शेवट: नम्र, पण लाचार नाही

लोकांना सगळ्यात जास्त शंका शेवटाची असते, आणि त्यात दोन टोके दिसतात. एकीकडे ‘मैं आपका सदा आभारी रहूँगा, मुझ गरीब पर दया करें’. दुसरीकडे ‘तीस दिन में सूचना नहीं मिली तो आप पर कानूनी कार्यवाही की जाएगी’. पहिले शाळेतल्या रजेच्या अर्जातून आलेले असते, दुसरे कुणा कार्यकर्त्याच्या सल्ल्यातून. दोन्ही काढून टाका. तीस दिवसांची मुदत अधिकाऱ्याला माहीत असते, आणि दया मागून कायद्याने मिळणाऱ्या कागदाची किंमत वाढत नाही.

सभ्य शेवटाला तीनच गोष्टी लागतात: एक विनंतीचे वाक्य, ‘सधन्यवाद’, आणि ‘भवदीय’ किंवा ‘भवदीया’. विनंतीच्या वाक्यात ‘कृपया’ आणि ‘कृपा करें’ एकत्र आणू नका. ‘कृपया सूचना भेजने की कृपा करें’ हे हिंदीभाषक कारकुनाच्या पत्रातही सापडते, पण ते चूकच. ‘कृपया भेजें’ किंवा ‘भेजने की कृपा करें’, दोन्हींपैकी एक. वरच्या नमुन्यात ‘कृपा करें’ मुद्दाम एकदाच, शेवटी ठेवले आहे. प्रत्येक वाक्याला कृपा जोडली की शेवटच्या विनंतीत जोर राहत नाही. बाकीच्या ठिकाणी ‘सूचित करें’, ‘अवगत कराएँ’, ‘अंकित करें’ यांतच पुरेसा आदर आहे. ‘सूचित करो’ किंवा ‘भेज दो’ मात्र उद्धट वाटते. आपल्याकडे मुंबई-पुण्यात बोलली जाणारी हिंदी ‘करो’ वर चालते, ती कागदावर येऊ देऊ नका.

तसेच ‘सधन्यवाद सहित’ नको. ‘सधन्यवाद’ लिहा, नाहीतर ‘धन्यवाद सहित’. ‘आपका आज्ञाकारी’ विद्यार्थी मुख्याध्यापकांना लिहितो, ‘प्रार्थी’ सवलत मागणारा लिहितो. आई दोन्ही नाही. ती ‘भवदीया’. पुरुष अर्जदार असेल तर ‘भवदीय’, आणि मग मजकुरातही ‘जमा कर दूँगा’ असा बदल करायला विसरू नका. मुलगा लिहितो आणि आई सही करते तेव्हा वर ‘दूँगा’ आणि खाली ‘भवदीया’ असे हमखास होते.

## ७. हिंदी तपासणे

पूर्ण अर्ज लिहून झाल्यावर एकदा फक्त भाषेसाठी वाचा. मराठी हाताच्या चुका ठरावीक जागी सापडतात.

सगळ्यात आधी ‘कि’ आणि ‘की’. दोन वाक्ये जोडणारा ऱ्हस्व: ‘निवेदन है कि’. षष्ठीचा दीर्घ: ‘आवेदन की प्रति’. हा एक फरक सांभाळला तरी अर्ज बराच नीट दिसतो.

मग शब्दयोगी आल्यावर बदलणारी रूपे. ‘मेरा आवेदन पर’ नव्हे, ‘मेरे आवेदन पर’. ‘आपका कार्यालय में’ नव्हे, ‘आपके कार्यालय में’. मराठीत आपण ‘माझ्या अर्जावर’ म्हणतोच, पण हिंदीत लिहिताना ते का कोण जाणे सुटते.

लिंगांत गोंधळ होणे साहजिक आहे, कारण हिंदीत नपुंसकलिंग नाही. या अर्जापुरते एवढे लक्षात ठेवा: आवेदन, पत्र, शुल्क, विवरण हे पुल्लिंगी. सूचना, प्रति, कार्यवाही, पेंशन, फाइल या स्त्रीलिंगी.

शेवटी थेट उचललेले मराठी शब्द शोधा. अर्जदार, स्वाक्षरी, माहिती, विनंती, कलम, झेरॉक्स. त्यांच्या जागी आवेदक किंवा आवेदिका, हस्ताक्षर, सूचना, निवेदन, धारा, छायाप्रति. गावांच्या नावांत ‘ळ’ असेल तर पत्त्यात तो ‘ल’ करा. पण आईचे आणि वडिलांचे नाव पीपीओत जसे आहे तसेच लिहा, कारण सगळा वाद नावाच्या स्पेलिंगचाच आहे. आईचे बरोबर रूप आणि पीपीओतले चुकीचे रूप दोन्ही दाखवायची गरज वाटली तर पहिल्या परिच्छेदात एक वाक्य वाढवा.

तपासून घ्या: सहीआधी पोस्टल ऑर्डरचा क्रमांक, दुरुस्तीच्या अर्जाची तारीख आणि पीपीओ क्रमांक मूळ कागदाशी पुन्हा एकदा ताडून बघा. हे काम दुसऱ्या माणसाकडून करून घेतलेले बरे. लिहिणाऱ्याला आपलाच चुकलेला आकडा दिसत नाही.

## ८. पाठवणे

सही झाल्यावर सगळ्या संचाची, पोस्टल ऑर्डरसकट, छायाप्रत काढा. मग पाकीट. पाकिटावर वरच्या कोपऱ्यात ‘सूचना का अधिकार अधिनियम, 2005 के अंतर्गत आवेदन’ लिहा आणि स्पीड पोस्टने पाठवा. कुरिअर नको. स्पीड पोस्टचा माग ऑनलाइन बघता येतो आणि पोचल्याची तारीख अपिलात पुरावा म्हणून दाखवता येते. त्या पानाची छापील प्रत लगेच काढून ठेवा.

दुसरा मार्ग कमी लोकांना ठाऊक आहे. केंद्राच्या कार्यालयांसाठीचे अर्ज ठरावीक टपाल कार्यालयांतही स्वीकारले जातात, तिथला अधिकारी सहायक सूचना अधिकारी म्हणून तो पुढे पाठवतो. दहा रुपये तिथेच रोख भरून पावती मिळते. मोठ्या डाकघरात चौकशी करा. या मार्गाने मुदतीत पाच दिवस वाढतात, एवढेच. ऑनलाइन भरायचे असेल तर केंद्राच्या कार्यालयांसाठी `rtionline.gov.in` आहे. तिथे शुल्कही ऑनलाइन भरता येते, पण यादीतून भोपाळ विभागच निवडला ना, हे दोनदा बघा.

## ९. पाठवल्यानंतरच्या तारखा

अर्ज २३ जून २०२५ ला भोपाळला पोचला असे धरू. उत्तराची मुदत पोचल्यापासून ३० दिवस, म्हणजे २३ जुलै. आपण पाठवल्याची तारीख यात मोजायची नाही.

मध्येच पानांच्या शुल्काचे पत्र येऊ शकते. केंद्राचा दर ए-४ पानाला दोन रुपये. फाइल चौदा पानांची निघाली तर २८ रुपये. ते पत्र निघाल्यापासून आपण पैसे भरेपर्यंतचे दिवस ३० मध्ये धरले जात नाहीत, म्हणून पत्र आले की लगेच पोस्टल ऑर्डर पाठवा. ‘उत्तर आले, पण कागद आले नाहीत’ म्हणणाऱ्या अनेकांच्या घरी हे पत्र न उघडता पडलेले असते. उलट, मुदत टळून गेल्यावर कार्यालयाने प्रती दिल्या तर कलम ७(६) प्रमाणे त्या विनाशुल्क द्याव्या लागतात.

२३ जुलैपर्यंत काहीच आले नाही, किंवा आलेले अपुरे असले, तर त्याच अर्जाचे स्मरणपत्र पाठवत बसू नका. स्मरणपत्राने अपिलाची मुदत थांबत नाही. पहिले अपील ३० दिवसांत करायचे. आपल्या उदाहरणात उत्तरच आले नाही तर २२ ऑगस्टपर्यंत, आणि अपुरे उत्तर आले असेल तर ते हाती पडल्यापासून ३० दिवसांत. महाराष्ट्रात अपिलाला वीस रुपयांचा स्टॅम्प लागतो, केंद्राच्या कार्यालयात पहिल्या अपिलाला शुल्क नाही.

अपिलाचे पत्रही याच साच्यात बसते. ‘सेवा में’ खाली ‘प्रथम अपीलीय प्राधिकारी’, वर ‘धारा 19(1) के अंतर्गत प्रथम अपील’, आणि मजकुरात इतकेच:

मैंने दिनांक 16.06.2025 को सूचना के लिए आवेदन दिया था, जो आपके कार्यालय को दिनांक 23.06.2025 को प्राप्त हुआ। निर्धारित 30 दिन की अवधि में मुझे कोई उत्तर प्राप्त नहीं हुआ है। अतः निवेदन है कि केंद्रीय लोक सूचना अधिकारी को माँगी गई सूचना निःशुल्क उपलब्ध कराने का निर्देश देने की कृपा करें।

सोबत मूळ अर्जाची छायाप्रत आणि स्पीड पोस्ट पोचल्याचा पुरावा. अपिलीय प्राधिकाऱ्याला निर्णयासाठी ३० दिवस असतात, कारणे नोंदवून जास्तीत जास्त ४५. तिथेही काही झाले नाही तर दुसरे अपील ९० दिवसांच्या आत दिल्लीच्या केंद्रीय माहिती आयोगाकडे जाते, आणि तिथे पहिल्या अर्जापासूनच्या सगळ्या प्रती मागतात.